सप्टेंबर, चतुर्थी आणि एका पानाची नोट

मी गोव्यात फोंड्याला एका कपड्यांच्या दुकानात हिशेब, स्टॉक आणि बिलिंग बघते, आठ वर्षं झाली. खाली साड्या आणि ड्रेस मटेरियल, वर जेंट्स आणि मुलांचे रेडीमेड. मालक तीन भाऊ आहेत, थोरल्यांना सगळे भाई म्हणतात, मग मधले शेठ आणि धाकटे शेठ. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या 1 ऑक्टोबरला रात्री दुकान बंद करताना भाई म्हणाले, "फुटफॉल पडलाय ना, त्याच्यावर एका पानाची नोट कर आणि आत्ताच दे, तिघेही आहोत." फुटफॉल म्हणजे दुकानात येणाऱ्या माणसांचा आकडा. मी दुपारीच एक काहीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून ते दिलं. आणि पहिल्या ओळीवरच भांडण झालं.

पहिली ओळ होती, "ऑनलाइन खरेदीमुळे आणि वाढत्या स्पर्धेमुळे दुकानाचा फुटफॉल गेल्या वर्षीपेक्षा 31 टक्क्यांनी घटला आहे." मधले शेठ तिथेच थांबले. "ऑनलाइनमुळे हे कोणी ठरवलं? माझ्या घरचे सगळे इथूनच घेतात." धाकटे म्हणाले ऑनलाइनमुळेच, आपली जाहिरात नाही म्हणून. मग मधले म्हणाले यंदा पाऊस बघितलास का, आणि तिथून पाऊस, पार्किंग, नवीन उघडलेली दोन दुकानं, सेल्समन मोबाईल बघत बसतात, असं करत पाऊण तास गेला. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत कोणी पोचलंच नाही. शेवटी भाईंनी कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले रविवारी परत बसू, धाकट्याला 6 तारखेपर्यंत होर्डिंगवाल्याला हो-नाही सांगायचंय.

त्या होर्डिंगचं आधी सांगते. धाकट्या शेठनी दिवाळीआधी साडेतीन लाखांचा बेत केला होता, बस स्टँडच्या बाजूला होर्डिंग, पेपरात दोनदा जाहिरात, आणि वर सरसकट 20 टक्के सूट. म्हणजे ही नोट नुसती माहितीसाठी नव्हती, तिच्यावर साडेतीन लाख अवलंबून होते, आणि मी ती लिहिताना हा आकडा कुठेच लिहिला नव्हता.

रात्री घरी येऊन मावसभावाला फोन केला. तो पुण्याला कन्सल्टिंग कंपनीत आहे, मी त्याला दादाच म्हणते. त्याने फोटो मागवला, वाचला, आणि विचारलं, "तुझी सिच्युएशन कुठली आणि कॉम्प्लिकेशन कुठली?" मी म्हटलं सगळंच कॉम्प्लिकेशन आहे रे. तर त्याने नीट सांगितलं. बार्बरा मिंटो नावाच्या बाई मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत होत्या, त्यांनी रिपोर्टची सुरुवात कशी मांडायची त्याची ही पद्धत घालून दिली, आधी सिच्युएशन, मग कॉम्प्लिकेशन, मग क्वेश्चन, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बाकीचा कागद. सिच्युएशन म्हणजे वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली आणि मान्य असलेली गोष्ट. तिच्यात नवीन काही नको आणि वाद घालता येईल असंही काही नको. कॉम्प्लिकेशन म्हणजे त्या स्थिर गोष्टीत काय बदललं. आणि प्रश्न म्हणजे ते बदललेलं वाचून त्याच माणसाच्या मनात आपोआप येणारा प्रश्न, तुझ्या मनातला नाही.

मग म्हणाला, "तुमच्या भाईंना डोळ्यासमोर आण. सिच्युएशन वाचून ते काय म्हणायला पाहिजेत?" मी म्हटलं, भाई कुठलीही गोष्ट ऐकताना मान हलवतात आणि म्हणतात "बरें, मागीर कितें?", म्हणजे बरं, पुढे काय? दादा म्हणाला बस, हीच कसोटी. सिच्युएशन संपली की "मागीर कितें" यायला पाहिजे, आणि कॉम्प्लिकेशन संपली की "मग आता करायचं काय" यायला पाहिजे. पहिल्या ओळीला "कोणी सांगितलं" आलं म्हणजे तू कारणच सिच्युएशनमध्ये घातलंस.

हे ऐकून मला वाटलं नुसती वाक्यं वरखाली करायची आहेत. दसऱ्याच्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर बसले आणि परत लिहिलं. सिच्युएशन, "दुकान इतकी वर्षं चालू आहे, चतुर्थी आणि दिवाळी हे दोन मोठे सीझन." कॉम्प्लिकेशन, "फुटफॉल 31 टक्क्यांनी घटला." प्रश्न, "फुटफॉल कसा वाढवायचा?" दादाला पाठवलं. त्याचा एका ओळीचा मेसेज आला, 31 टक्के कशाच्या तुलनेत?

मी सप्टेंबर 2024 आणि सप्टेंबर 2025 घेतले होते, दारावरच्या मशीनचे. 9,100 आणि 6,280. मशीन म्हणजे दाराच्या चौकटीला बसवलेला सेन्सर, समोरासमोर दोन डबी, मधली किरणाची रेघ तुटली की एक मोजतो, आत-बाहेर मिळून जेवढे होतात त्याचं अर्धं करून तो रोजचा आणि तासाचा आकडा देतो. आकडे बरोबरच होते. पण दादाचा मेसेज बघता बघता समोर भिंतीवर कालनिर्णय होतं तिकडे नजर गेली आणि मला घाम फुटला, खरंच. 2024 ला चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 2025 ला 27 ऑगस्टला.

गोव्यात कपड्यांच्या दुकानात काम केलेल्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या घरांत नवे कपडे, मुंबईहून-पुण्याहून येणाऱ्यांसाठी कपडे, भटजींना द्यायचं धोतर. तो आठवडा 2024 मध्ये सप्टेंबरात पडला आणि 2025 मध्ये ऑगस्टात. म्हणजे मी एका वर्षीचा सीझनसकटचा सप्टेंबर दुसऱ्या वर्षीच्या सीझन उरकलेल्या सप्टेंबरशी लावत होते. (म्हाळाचा पंधरवडा दोन्ही वर्षी जवळजवळ सगळा सप्टेंबरातच होता, त्याचा फरक नाही, तेही बघून घेतलं.) आणि हा 31 आकडा तीन भावांसमोर ठेवून मी त्यांना साडेतीन लाख खर्च करायला घाबरवत होते. माझी चूक तिथे होती, वाक्यरचनेत नाही.

मग चतुर्थीला शून्य धरून मागे मोजलं. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंतचे आठ आठवडे, 2024 मध्ये 13 जुलै ते 6 सप्टेंबर, 2025 मध्ये 2 जुलै ते 26 ऑगस्ट. पूर्ण आठवडे घेतल्यामुळे रविवार-शनिवार दोन्हीकडे सारखे येतात, नाहीतर चतुर्थी एका वर्षी शनिवारी आणि एका वर्षी बुधवारी होती, तिथे परत घोळ झाला असता. आता आकडे आले 18,400 आणि 15,640. पंधरा टक्के घट. म्हणजे घट आहे, पण निम्मीच.

इथे मी थांबणार होते. पण शुक्रवारी सकाळी भाईंना चहा देताना सहज सांगितलं की 31 नाही, 15 आहे, तर ते म्हणाले, "मशीनवर विश्वास आहे तुझा? दोघं जोडीने आली की एकच मोजतं ते." बरोबर होतं त्यांचं. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी 5 ते 6 काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून बसले, वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असं. एक आई दोन मुलींना दोन्ही हातांना धरून दारातून आत आली, तिघी एका रेषेत, आणि मशीनचा लाल दिवा एकदाच लुकलुकला. उलट एक आजोबा उंबऱ्यावर उभे राहून छत्री मिटत होते, त्यांना त्याने दोनदा मोजलं. तासाभरात माझ्या वहीत 74 माणसं आणि मशीनवर 61.

म्हणजे मशीन कमी मोजतं. पण ते दोन्ही वर्षी त्याच जागी, त्याच उंचीवर होतं, दारही तेच, आणि कुटुंबंही तशीच हातात हात धरून येणार. म्हणून एक वर्ष दुसऱ्याशी लावायला ते चालतं, "दुकानात एकूण इतकी माणसं आली" असं छातीठोक सांगायला चालत नाही. नोटमध्ये मी नंतर सगळीकडे "मशीनप्रमाणे" लिहिलं ते यासाठीच. मधे कोणी सेन्सर हलवला असता किंवा दुसरं दार उघडलं असतं तर ही तुलनाच बाद झाली असती, ते मी वॉचमनला विचारून घेतलं, तसं काही झालं नव्हतं.

आता खरी गोष्ट बिलांत सापडली. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून त्याच आठ-आठ आठवड्यांची बिलं काढली, 5,060 आणि 4,850. माणसं 15 टक्क्यांनी कमी आणि बिलं जेमतेम 4 टक्क्यांनी? हे बघून मी एक्सेल उघडून तासांप्रमाणे फोडायला बसले. आमचं दुकान इथल्या बऱ्याच दुकानांसारखं दुपारी 1 ते साडेतीन बंद असतं, त्यामुळे दिवसाचे दोन तुकडे आपोआप पडतात, सकाळ आणि संध्याकाळ. संध्याकाळ दोन्ही वर्षी जवळजवळ सारखी. रविवारची सकाळ सारखी. पडली होती ती सोमवार ते शुक्रवारची सकाळ, आणि शनिवारची सकाळ मात्र मजेशीर होती, एक शनिवार पडलेला, पुढचा नाही, परत एक पडलेला, पुढचा नाही.

हा शनिवारचा पट्टा बघत मी किती वेळ बसले होते माहीत नाही. मग खालच्या मजल्यावर साड्या दाखवणारी ताई आली, तिला म्हटलं हे असं का होईल, ती म्हणाली, "दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते ना."

आमच्याच बिल्डिंगमध्ये एका बँकेची शाखा होती. मे महिन्याच्या शेवटी ती दुसऱ्या रस्त्यावर गेली. इथे असताना टोकन घेऊन माणसं बसायची, अर्धा तास लागणार म्हटलं की बायका खाली यायच्या, साड्या बघायच्या, कधी एखादा ब्लाउजपीस, रुमाल, फॉल घेऊन जायच्या. बँक चालू असायची त्या सकाळीच घट आहे, बँक बंद असायची त्या सकाळी नाही. पाऊस कारण असता तर त्याला दुसरा आणि चौथा शनिवार कळला नसता, आणि संध्याकाळही पडली असती. ऑनलाइन कारण असतं तर तेही फक्त सकाळी 10 ते 1 मध्येच का दिसावं.

आकडे असे पडले. बँक चालू असलेल्या सकाळी, 6,100 वरून 3,600, म्हणजे एका सकाळी साधारण 140 यायची ती 85 च्या आसपास. बाकी सगळ्या वेळा मिळून 12,300 वरून 12,040. हरवलेल्या 2,760 माणसांपैकी 2,500 त्या सकाळची. आणि त्या सकाळची बिलं 740 वरून 540, बाकी वेळेची 4,320 वरून 4,310. ती सकाळची माणसं मुळात कमी घेणारी होती, शंभरात बाराच बिलं, आणि बिलही सरासरी सहाशे रुपयांचं. म्हणजे आठ आठवड्यांत हरवलेली विक्री 200 बिलं गुणिले 600, एक लाख वीस हजार, आणि त्यात आमच्या हातात राहणारे असतील 35-36 हजार.

ज्या संकटावर साडेतीन लाख घालायचे होते त्याची किंमत ही एवढी.

शनिवारी रात्री परत लिहायला बसले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ प्रश्नावर गेला, आणि हे मला सविस्तर सांगायचंय कारण सिच्युएशन-कॉम्प्लिकेशन जमलं तरी प्रश्न चुकला की कागद वाया जातो. "फुटफॉल कसा वाढवायचा" हा आधीचा प्रश्न. दादा म्हणाला ह्यात उत्तर अर्धं देऊन टाकलंस, वाढवायचा हे कोणी ठरवलं? वाढवायलाच पाहिजे का, हाच तर मुद्दा आहे. मग मी लिहिलं, "फुटफॉल का कमी झाला?" त्याने विचारलं, हे तुला कळलंय ना? कळलंय तर तो प्रश्न कशाला, ते कॉम्प्लिकेशनमध्ये सांगून टाक. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर दिलं की तिघांना सोमवारी सकाळी काहीतरी करता येईल किंवा थांबवता येईल. मग मी कॉम्प्लिकेशनमध्येच "आपली जाहिरात कमी पडते" घालून बघितलं, धाकट्या शेठना बरं वाटावं म्हणून, ते तर माझं मलाच पटलं नाही, ती घटना नाही, उपाय केला नाही हेच कारण म्हणून सांगणं आहे. औषध घेतलं नाही म्हणून ताप आला म्हणण्यासारखं.

शेवटी सोमवारी काय ठरवायचंय तिथून उलटं आले. साडेतीन लाख. ते कशावर. तेव्हा प्रश्न सरळ आला.

रविवारी, 5 तारखेला, दुपारी जेवण करून तिघे वरच्या मजल्यावर बसले आणि मी प्रत्येकाला एकेक प्रत दिली. हे होतं त्यावर, जसंच्या तसं.

"आपलं वर्ष चतुर्थी आणि दिवाळी या दोन सीझनवर चालतं. दुकान सकाळ आणि संध्याकाळ असं दोन वेळा चालतं, आणि मोठी खरेदी नेहमीच संध्याकाळी आणि रविवारी होते. दिवाळीआधी जाहिरात आणि सूट मिळून साडेतीन लाखांचा खर्च करायचा की नाही हे 6 ऑक्टोबरला सांगायचं आहे.

यंदा चतुर्थीआधीच्या आठ आठवड्यांत दारावरच्या मशीनप्रमाणे माणसं 15 टक्क्यांनी कमी आली (18,400 वरून 15,640), पण बिलं फक्त 4 टक्क्यांनी कमी झाली (5,060 वरून 4,850). कमी झालेल्या माणसांपैकी दहातली नऊ ही बँक चालू असायच्या सकाळची आहेत. बिल्डिंगमधली बँक मे अखेर गेली. बँकेला सुट्टी असायची त्या सकाळी आणि रोज संध्याकाळी फरक जवळजवळ नाही. त्या सकाळची हरवलेली विक्री आठ आठवड्यांत अंदाजे 1 लाख 20 हजार.

प्रश्न, दिवाळीचे साडेतीन लाख आपण सकाळचं गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला घालावेत, की संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाची खरेदी वाढवायला?"

खाली अर्धं पान मी मोकळं सोडलं होतं, उत्तर माझं नव्हे म्हणून.

भाईंनी पहिला परिच्छेद वाचला, मान हलवली. मधल्या शेठनी काही म्हटलं नाही, आणि ते काही म्हणत नाहीत ही मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. दुसरा परिच्छेद संपताना ते म्हणाले, "बँक! हे आपल्या कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही," आणि धाकट्यांनी लगेच फोनमधलं कॅलेंडर काढून शनिवार तपासले, तपासलेच पाहिजेत, ते बरोबर निघाले. वाद झाला, पण तो शेवटच्या ओळीवर झाला, आणि तिथेच व्हायला पाहिजे होता.

मधल्या शेठनी प्रश्नातली चूक लगेच पकडली. "तू दोनच दारं ठेवलीस. घालूच नयेत, हे तिसरं कुठे आहे?" खरं होतं. मी मनातून संध्याकाळच्या बाजूला होते म्हणून प्रश्न तसा बांधला गेला. मी तिथेच पेनने "की तूर्त घालूच नयेत" असं तिन्ही प्रतींवर लिहिलं.

मग धाकटे म्हणाले संध्याकाळी आणि बाकीच्या वेळी शंभरातली 64 माणसं रिकाम्या हाताने जातात म्हणजे तिथे वाव आहेच, 12,040 माणसं आणि 4,310 बिलं. इथे मला त्यांना थांबवावं लागलं. संध्याकाळी माणसं कुटुंबाने येतात, चौघं येतात आणि बिल एकच होतं, त्यामुळे 64 जण रिकामे गेले असं नाहीच. परत मशीन जोडीने येणाऱ्यांना एकच मोजतं, ते वेगळं. हा आकडा एका वर्षाचा दुसऱ्याशी लावायला बरा, त्यातून "इतके गिऱ्हाईक हातचे गेले" असं काढायला नाही. त्यांना ते आवडलं नाही, पण भाईंनी विचारलं, मग संध्याकाळी किती कुटुंबं काही न घेता जातात हे कसं कळेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर एकच होतं, दारात बसून कुटुंबं मोजायची, माणसं नाही.

ठरलं ते असं. होर्डिंग नको, सरसकट सूट नको. साडेतीन लाखांतले 80 हजार संध्याकाळसाठी, जेंट्सच्या मजल्यावर दिवाळीपर्यंत दोन जास्तीची माणसं आणि एक ट्रायल रूम वाढवायची, कारण तिथे रविवारी रांग लागते हे तिघांनाही माहीत होतं. सकाळसाठी पैसे नाहीत, उलट सकाळी दोघांची ड्यूटी संध्याकाळकडे सरकवायची. बाकीचे पैसे तसेच. धाकटे शेठ नाराज होते, त्यांनी होर्डिंगवाल्याला फोन लावला तेव्हा मीच खाली निघून आले.

एक गोष्ट नोटमध्ये बसली नाही आणि ती अजून माझ्या डोक्यात आहे. जाताना मधल्या शेठनी विचारलं, सकाळी रस्त्यावरूनच माणसं कमी जातात, की जातात तेवढीच पण आत शिरत नाहीत? दोन्हीचा इलाज वेगळा, आणि दारावरचं मशीन हे सांगूच शकत नाही, त्याला फक्त उंबरा कळतो. बँकेच्या शनिवारांवरून मला वाटतं रस्त्यावरूनच कमी झालीत, पण ते वाटणं आहे, मोजलेलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी अर्धा तास, साडेदहा ते अकरा, समोरच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहून दोन रकाने भरायला लागले, एका रकान्यात दुकानासमोरून गेलेली माणसं, दुसऱ्यात आत शिरलेली. गाडेवाले काका पहिल्या दिवशी विचारत होते काय लिहितेस, आता तेच मधूनच सांगतात, "ती लाल साडीवाली राहिली तुझी."